आईला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिलीय: पाणी किती, डोस कसा कमी-जास्त करायचा, गुण कधी?

केतकी_ठाणे
आई ६७ वर्षांची, बद्धकोष्ठ जुनंच, आठवड्यात दोनदा कसंबसं होतं आणि तेही खडे. डॉक्टरांनी १७ ग्रॅमचं पाकीट रोज एक, पाण्यातून, एवढंच लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सोमवारी सुरू केलं, अर्ध्या ग्लासात. सोमवार काही नाही, मंगळवार काही नाही. बुधवारी रात्री आईने मला न सांगता वर सोनामुखीचं चूर्णही घेतलं, आणि गुरुवारी चार वेळा नुसतं पाणी. घाबरून पावडर बंद केली, तर रविवारपासून परत जैसे थे. आता परत सुरू करायचीय. किती पाण्यात, कधी, आणि किती दिवस वाट बघायची? रोज एक पाकीट म्हणजे महिन्याला हजाराच्या वर जातं, मला सहाशे-सातशेत बसवायचंय. इसबगोल झालाय, प्लीज तो सुचवू नका.

अण्णा_सांगलीकर
इसबगोल रात्री दोन चमचे कोमट दुधातून. आम्ही वीस वर्षं घेतोय. ही पावडर-बिवडर कशाला.

न्यूजर्सीकर
इथे ही २००६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, मोठा डबा, झाकणात रेघ असते तिथपर्यंत भरलं की १७ ग्रॅम, मोजायची कटकटच नाही. कोणी येणारं असेल तर दोन डबे मागवून घ्या, मी माझ्या सासऱ्यांना दरवेळी बॅगेतून नेतो. बजेटचं काय घेऊन बसलात, आईचं पोट आहे.

केतकी_ठाणे
दादा, न्यूजर्सीहून इथे येणारं कोणी असतं तर मी हा धागाच काढला नसता :)

मेडिकलवाला_मिरज
दुकान चालवतो, बी.फार्म आहे, डॉक्टर नाही. ताई, तुमच्या आईचं बुधवारी चुकलं. ही पावडर सोनामुखीसारखी आतड्याला चाबूक मारत नाही, ती फक्त पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी खड्यात मुरतं, त्याला वेळ लागतो. पहिला परिणाम साधारण एक ते तीन दिवसांत, कोणाकोणाला चौथ्या दिवशी. म्हणजे बुधवारी रात्री तिचं काम होत आलेलंच असणार, त्यात चूर्णाने वरून धक्का दिला. गुरुवारचं पाणी बहुतेक दोघांचं मिळून होतं, एकट्या पावडरीचं नव्हे.

पाण्याचं म्हणाल तर १२० ते २४० मिलीत पूर्ण विरघळवा, म्हणजे घरचा एक ग्लास धरा. ढवळून दोन-तीन मिनिटं ठेवलं की पाणी आरपार दिसतं. तळाशी दाणे दिसत असतील तर अजून ढवळा, तसेच गिळू नका. गार, कोमट, चहा, सरबत, काहीही चालतं. पण ते पाणी दिवसभराच्या पाण्याच्या जागी धरू नका, वेगळं पाणी हवंच.

वहिनी_बोरिवली
आमच्या नवऱ्याच्या पोटाची गोष्ट ऐका. "पोट साफ करायची पावडर द्या" एवढंच दुकानात सांगून हे कोलोनोस्कोपीच्या आधी देतात ते मोठं पाकीट घेऊन आले. १३७ ग्रॅमचं होतं, दोन लिटर पाण्यात घालायचं. यांनी एका तांब्यात कालवलं आणि निम्मं प्यायले. त्या दिवशी घरात दुसऱ्या कोणाला बाथरूम मिळालंच नाही, मी शेजारच्यांकडे गेले आंघोळीला. पाकिटावरचे ग्रॅम वाचून घ्या.

अण्णा_सांगलीकर
म्हणूनच म्हणतो, इसबगोल.

सत्यशोधक_पुणे
कोणी सांगत कसं नाही, ग्लायकॉल म्हणजे गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट. गाम्बियात कफ सिरपने मुलं गेली ते हेच. आईला हे रोज देताय?

मेडिकलवाला_मिरज
नावं सारखी आहेत, माल वेगळा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी. २०२२ च्या सिरपच्या भानगडीत ते आणि डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. दोन्ही बारीक रेणू, रक्तात जातात आणि किडनी खलास करतात. पावडरीतलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५० म्हणजे लांबलचक साखळी, आतडं ती जवळजवळ शोषतच नाही, आत गेली तशी बाहेर येते. साखरही नाही, त्यामुळे डायबिटीसवाल्यांना प्रश्न नाही, फक्त फ्लेवरवाली असेल तर पाकीट वाचा. बिल घेऊन, सीलबंद, तारीख बघून घ्या. तुमची भीती खोटी नाही, पत्ता चुकलाय.

सत्यशोधक_पुणे
दुकानदार असंच म्हणणार.

नर्सताई_नाशिक
पोटाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. मला गुरुवारच्या पाण्याचा अजून एक संशय येतो. आधी खडा अडकला असेल तर त्याच्या कडेकडेने पातळ झिरपतं. लोकांना वाटतं जुलाब लागले, औषध बंद करतात, आणि आतला गोळा आणखी घट्ट होतो. आईचं पोट कडक होतं का, सारखं थोडं-थोडं होऊन साडीला लागत होतं का, आणि त्याआधी नीट शौच कधी झालं होतं ते विचारा. तसं असेल तर डोसशी घरी खेळू नका, डॉक्टरांकडून बोटाने तपासून घ्या, वेळ पडली तर एनिमा लागतो. उलट्या, पोट फुगलंय आणि वाराही सरत नाही, असं झालं तर पावडर नकोच, सरळ हॉस्पिटल. रक्त किंवा वजन उतरणं असेल तर तेही आधी सांगा.

आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?

केतकी_ठाणे
विचारलं. पोट मऊच होतं, चार वेळा भरपूर झालं आणि नंतर हलकं वाटलं म्हणाली, साडीला वगैरे काही नाही. गोळ्या: बीपीची अमलोडिपिन, रक्त कमी म्हणून लोहाची, आणि गुडघ्यासाठी दोन महिन्यांपासून ट्रामाडोल.

नर्सताई_नाशिक
मग अडकलेल्या खड्याचा संशय कमी झाला. पण ट्रामाडोल आणि लोह! दोन्ही आतडं आवळतात. बद्धकोष्ठ दोन महिन्यांत वाढलं असेल तर ट्रामाडोलकडे आधी बघा. बंद नका करू तुमच्या मनाने, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

दादर_काका
कमोड हा सगळ्याचा मूळ आहे. भारतीय संडासात बसत होतो तेव्हा महाराष्ट्रात बद्धकोष्ठ हा शब्दच नव्हता.

वहिनी_बोरिवली
काका, गुडघे दुखतात म्हणून ट्रामाडोल चालू आहे, आणि तुम्ही उकिडवं बसवताय त्यांना. पायाखाली एक पाट ठेवला की झालं, कमोडवरच.

दादर_काका
पाट आम्ही जेवायला वापरतो.

चिपळूणचा_बाळ्या
एक सांगायचं राहतंय, माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर पाणी गिळताना ठसका लागायचा, म्हणून स्टार्चची पावडर घालून पाणी दाट करून देत होतो. त्यात ही कालवली आणि दाट केलेलं पाणी सरबतासारखं पातळ झालं, बाबांना जोरात ठसका. डॉक्टर नंतर म्हणाले, ही दोन पावडरी एकत्र करायच्याच नाहीत. ताई, तुमच्याकडे तसलं काही नसेल पण कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा.

केतकी_ठाणे
थँक्यू, आमच्याकडे नाही तसं. पण डोसचं सांगा ना कोणीतरी. परत १७ पासून का अर्ध्यापासून? आणि रात्री का सकाळी?

न्यूजर्सीकर
सकाळी रिकाम्या पोटी. माझे सासरे तसेच घेतात.

वहिनी_बोरिवली
रात्री. सकाळी उठल्यावर होतं.

मेडिकलवाला_मिरज
वेळेने फार फरक पडत नाही, रोज एकच वेळ धरा, विसरायला नको. रात्री घेतलं म्हणून सकाळी होईल हा हिशोब सोनामुखीचा, इथे लागू नाही.

डोस असा: जिथून सुरू कराल तिथे तीन दिवस काही बदलायचं नाही, कारण आज काय बदललं ते पोट दोन-तीन दिवसांनी सांगतं. रोज वर-खाली करत बसलात तर परवाच्या डोसला आज शिव्या द्याल. तीन दिवसांनी बघा. पातळ होत असेल तर अर्धा करा किंवा दिवसाआड. अजून खडे असतील तर डॉक्टरांना फोन करून वाढवा. पाणी लागलं म्हणून एकदम बंद करू नका, तुम्ही केलंत तेच, रविवारी परत तिथेच आलात.

अर्धा डोस पाकीट फाडून अंदाजाने ओतू नका, चमच्याचा भरवसा नाही. पूर्ण पाकीट एका ग्लासात विरघळवा, अर्धा ग्लास आज प्या, उरलेला झाकून फ्रिजमध्ये, उद्या संपवा. विरघळल्यावर सगळीकडे सारखंच असतं. अर्ध्याने भागलं तर महिन्याला पंधरा पाकिटं, तुमचं बजेटही बसतं.

नर्सताई_नाशिक
अर्ध्या डोसचं ठीक, पण लगेच अर्धा नको. ट्रामाडोल चालू आहे तोवर अर्ध्याने भागेल याची मला खात्री नाही.

मेडिकलवाला_मिरज
ताई, गुरुवारी त्या हलक्या झाल्यात, मी तरी अर्ध्यापासून सुरू केलं असतं.

नर्सताई_नाशिक
गुरुवारचं चूर्णाचं होतं असं तुम्हीच वर म्हणालात!

केतकी_ठाणे (बारा दिवसांनी)
अपडेट. ऑर्थोवाल्यांनी ट्रामाडोल काढून साधी पॅरासिटामॉल दिली, लोह दिवसाआड केलं. पावडर सोमवारपासून पूर्ण एक ग्लास, तीन दिवस. बुधवारी संध्याकाळी झालं, थोडं खडबडीत. गुरुवारी मऊ. शनिवारी दोनदा आणि जरा पातळ, म्हणून रविवारपासून तुम्ही सांगितलेला अर्धा-अर्धा ग्लासवाला प्रकार. तेव्हापासून दिवसाआड होतंय, मऊ, कुंथावं लागत नाही. आईला मात्र रोज व्हायला हवंय, दिवसाआड म्हणजे तिला आजारच वाटतो. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले दिवसाआड चालेल, दोन महिने असंच घ्या, मग हळूहळू कमी करून बघू.

वेळेचं तुम्हा सगळ्यांचं ऐकलं नाही. आई दुपारी चार वाजता कोकम सरबतातून घेते, कारण तेव्हा तिची मालिका लागते आणि विसरत नाही. आणि त्रिफळा सोडायला तयार नाही, रात्री चिमूटभर घेतेच. मी वाद घालणं सोडलंय, सोनामुखीचा डबा तेवढा माझ्या कपाटात ठेवलाय.

मेडिकलवाला_मिरज
त्रिफळाही थोडा ढिला करतो हं. परत पातळ झालं तर आधी तो काढा, मग पावडरीकडे बघा.

अण्णा_सांगलीकर
दोन महिने पावडर! इसबगोल घेतला असता तर हा धागाच लागला नसता.

केतकी_ठाणे
अण्णा, पहिल्या पोस्टची शेवटची ओळ वाचा.