मदत हवी: AHAMAY नावाची गिटार डुप्लिकेट आहे का?

रामबागकर: भाच्यासाठी सेकंडहँड गिटार बघतोय. फोटोत डोक्यावर चक्क AHAMAY लिहिलंय. घ्यायची का? विकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. इंदूरमधलाच आहे.

सराफा_खवय्या: डुप्लिकेटच! नावातली अक्षरं मागेपुढे करून विकतात. मी असाच एक चार्जर घेतला होता, आठवड्यात गेला.

सहावी_तार: थांबा जरा. गिटार उभी धरली तर पिकगार्ड कुठल्या बाजूला दिसतोय? जाड तारा कुठे?

रामबागकर: पिकगार्ड डावीकडे, जाड तारा उजवीकडे. त्याचा काय संबंध?

मीनल_मावशी: अहो, मग ती डावखुऱ्यांची! माझी लेक डावखुरी आहे. आम्ही साध्या गिटारलाच उलट्या तारा लावल्या, पण मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचांत जाड तारा बसेनात. तो बदलून घ्या.

सहावी_तार: मावशी, डावखुऱ्यांची असती तरी नाव YAMAHA असंच आलं असतं. इथे नावही उलटं आणि बाजूही उलटी, म्हणजे फोटोच आरशातला किंवा सेल्फीचा. Y, A, M, H ही अक्षरं आरशात जवळपास तशीच दिसतात, म्हणून शब्द उलटला तरी डोळा फसतो. R किंवा S असता तर लगेच कळलं असतं. विकणाऱ्याच्या शर्टाचा खिसा कुठे आहे?

रामबागकर: उजव्या छातीवर! गॅलरीत फ्लिप केला, YAMAHA आलं. आता तो म्हणतो मॉडेल F310, तंबाखू रंग. पण आतल्या लेबलवर फ्लॅश चमकलाय, शेवटचे आकडे नीट दिसत नाहीत.

सहावी_तार: फ्लिपने फक्त बाजू सुधारतात. चमकेत पांढरा पडलेला आकडा परत येत नाही. F370 नावाचंही मॉडेल आहे, आणि 7 ची आडवी रेघ चमकेत गेली तर 1 सारखंच दिसतं. मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात लेबलचा तिरका फोटो मागा. खुंट्यांचा रंग कसा दिसतोय?

रामबागकर: तांबूस. मागची भिंतसुद्धा.

सहावी_तार: मग फिल्टर आहे. लाकडाच्या रंगावरून काही ठरवू नका, कदाचित साधी फिकट लाकडी असेल.

सराफा_खवय्या: फोटो सरळ झाला म्हणून माल अस्सल होतो का?

सहावी_तार: नाही होत, ते बरोबर बोललात. YAMAHA नावाजवळच्या गोल चिन्हातले तीन स्वरकाटे बघा. वाद्यांच्या चिन्हात ते कडेच्या आत राहतात, मोटरसायकलच्या चिन्हात कडेला टेकतात. टेकत असतील तर कुणीतरी बाइकचं स्टिकर चिकटवलंय.

धूम_इंदूरी: बाइकवरून आठवलं, कुणाकडे जुनी आरएक्स 100 आहे का विकायला?

रामबागकर: झूम केलं की काटे आणि कड एकत्र मिसळतायत, कळत नाही. विकणारा म्हणतो, नवा फोटो उद्या सकाळी, आता उजेड नाही. टोकन मात्र आजच मागतोय.

मीनल_मावशी: टोकन देऊ नका हो! आणि नटचं लक्षात ठेवा.