मदत हवी आहे: टाकीत ना निळं आकाश दिसतंय, ना तांबडा सूर्यास्त

रानफूल: परवा मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. पाण्यात दूध घालून टॉर्च मारला की बाजूने निळं आणि समोरून तांबडं दिसतं, असं सगळीकडे लिहिलंय. आमच्याकडे सगळं पांढरंफटक. काय चुकतंय ते लवकर सांगा. आणि परीक्षकांनी आकडे विचारले तर काय सांगायचं?

काचपात्र: टाकी केवढी? दूध कुठलं, किती? टॉर्च एलईडीचा की बल्बचा? खोलीत अंधार होता का?

धूमकेतू: दुधाच्या भानगडीत पडूच नका. २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट विरघळवा, त्यात १-२ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. दोन-तीन मिनिटांत गंधकाचे बारीक कण तयार होतात. बाजूने निळं दिसतं, पलीकडच्या पडद्यावर आधी नारिंगी आणि मग लालभडक. दहावीच्या जुन्या पुस्तकातलाच प्रयोग आहे.

काचपात्र: पण शाळेच्या बंद वर्गात, मुलांच्या गर्दीत तो नको. सल्फर डायऑक्साइड सुटतो, घसा धरतो. शिवाय गंधकाचे कण वाढतच जातात, थोड्या वेळाने द्रावण पांढरं होतं आणि प्रत्येक खेपेला नवं करावं लागतं.

धूमकेतू: खिडकीजवळ, शिक्षकांच्या देखरेखीखाली चालतं. दुधातला फिकट नारिंगी पाहून लाल सूर्यास्त कोणाला पटणार?

रानफूल: माशांची टाकी, दीड फूट लांब, १५ लिटर पाणी. पिशवीतलं फुल क्रीम दूध, साय काढून अर्धी वाटी. टॉर्च एलईडी. दिवे बंद होते.

काचपात्र: दोन गोष्टी नडताहेत. साय काढली तरी दुधात स्निग्धांशाचे गोळे उरतात. ते प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून पांढरं. निळेपणा देतात ते केसीन या दुधातल्या प्रथिनाचे कण, साधारण ०.१ मायक्रॉनचे. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४५ मायक्रॉन असते, म्हणजे हे कण तिच्याहून बरेच लहान. तेव्हा स्किम्ड दुधाची पावडर घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धी वाटी फार झाली. एवढ्या दाट पाण्यात प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो आणि बाजूने निसटलेला निळा पुन्हा इतर रंगांत मिसळतो. पाणी बदला. चमचाभर पावडर पेलाभर पाण्यात घोळवून घ्या आणि त्यातलं एकेक चमचा टाकीत घालून ढवळत जा. टॉर्च टाकीच्या लांबीच्या दिशेने धरा, मागच्या बाजूला काळा कागद लावा. समोरच्या टोकाला धरलेला पांढरा कागद पिवळसर झाला की हळूहळू घाला, नारिंगी झाला की थांबा.

वाळूघड्याळ: आकाशाचा निळा रंग मुळात हवेतल्या धुळीमुळे असतो ना? टाकीत थोडी माती टाकून पाहा.

काचपात्र: माती नको, तिचे कण मोठे. धूळ आकाश निळं करत नाही, उलट पांढुरकं करते. चांगला पाऊस पडून गेल्यावर आकाश किती गर्द निळं दिसतं ते आठवा. हवेचे रेणूच प्रकाश विखुरतात. सूर्यास्ताच्या लालीत मात्र बारीक धूळ-धुराचा वाटा असतो, तेवढं तुमचं बरोबर.

सागरगोटा: समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, तेही तक्त्यावर लिहा.

काचपात्र: नका लिहू. १९२१ मध्ये रामन यांनी बोटीवरून निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश अडवल्यावरही पाणी निळंच दिसलं.

रानफूल: समुद्र राहू द्या, आकडे सांगा!

काचपात्र: हवेतलं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ४५० चा निळा घेतला, तर ६५० भागिले ४५० म्हणजे १.४४, त्याचा चौथा घात सुमारे ४.३. निळा तेवढ्या पट जास्त विखुरतो.

आता सूर्यास्त. सूर्य डोक्यावर असताना, स्वच्छ हवेत, निळ्यातला साधारण ८० टक्के आणि लालमधला ९५ टक्के प्रकाश सरळ खाली पोचतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश जवळपास ३८ पट हवेतून येतो. ०.८० चा ३८ वा घात काढा, दहा हजारात दोन भाग उरतात. ०.९५ चा काढा, सुमारे १४ टक्के उरतात. सूर्य लाल दिसतो तो या उरलेल्या प्रकाशामुळे. कॅल्क्युलेटरवर मुलीलाच करू द्या.

धूमकेतू: मग जांभळा का नाही? त्याची तरंगलांबी आणखी कमी.

काचपात्र: सूर्यप्रकाशात जांभळा कमी असतो, आणि आपला डोळाही त्याला कमी दाद देतो. दोन्ही मिळून निळं दिसतं.

रानफूल: पावडरने केलं. बाजूने निळसर झाक आली! समोर मात्र पिवळाच, नारिंगी होत नाही.

काचपात्र: झाक खरी का ते तपासा. पोलरॉइड चष्म्याची काच बाजूच्या प्रकाशापुढे धरून फिरवा. एका स्थितीत तो ठळकपणे मंदावला तर कण बारीक आहेत. मंदावलाच नाही, तर कण मोठे किंवा पाणी दाट.

वाळूघड्याळ: टॉर्च बदला. पांढऱ्या एलईडीत गडद लाल कमी असतो. जुना बल्बचा टॉर्च घ्या.

धूमकेतू: बल्बमध्ये निळाच कमी, मग बाजूचं निळं जाईल! दोन टॉर्च ठेवा, आळीपाळीने लावा.

काचपात्र: त्याआधी टाकीच्या रुंदीऐवजी लांबीतूनच प्रकाश जातोय ना ते बघा. रानफूल, टॉर्च कुठल्या काचेला टेकवलाय?