साहेबांचा फोन येतो, "आधी हे काढा". मग बाकीच्याचं काय?

शिफ्ट सुपरवायझर, भोसरी
परवा सेकंड शिफ्टला रात्री साडेआठला प्रॉडक्शन मॅनेजरांचा फोन आला: "ब्रॅकेटचे १२० नग सकाळी सहाला पाहिजेत, बाकी सगळं थांबवा." मी फ्लोअरवर तसंच ओरडून सांगितलं. तिन्ही व्हीएमसी थांबल्या. डिबरिंगच्या मावशींनीही हातातलं काम खाली ठेवलं आणि दहाच्या गाडीत जायची हाउसिंग राहून गेली. बोलणी मी खाल्ली. कुठलं मशीन थांबवायचं आणि कुठलं चालू ठेवायचं, हे मॅनेजरनेच सांगायला नको का?

२२ वर्षं शॉपवर
नाही पटत. मशीनवार सांगायला साहेब फ्लोअरवर नव्हते, तुम्ही होतात. त्यांनी काय, किती आणि कधीपर्यंत ते सांगितलं. राहिलं एकच, कशाला हात लावायचा नाही ते. तुम्ही फोनवरच विचारायचं होतं, "दहाची गाडी जाणार ना?"

आता हिशोब करा. ब्रॅकेटला लोडिंग धरून नगामागे चार मिनिटं लागतात असं धरू, म्हणजे तासाला १५. सेटिंग आणि फर्स्ट पीस पास होईपर्यंत साडेनऊ वाजले. तिथून सकाळी सहापर्यंत साडेआठ तास, जेवणाचा अर्धा तास वजा करा. आठ तासांत १२० नग. म्हणजे एकच मशीन पुरत होतं. मग प्रत्येकाजवळ जाऊन, नाव घेऊन सांगायचं: "तू हे सोड, ब्रॅकेट लाव. तू चालूच ठेव. मावशी, तुमचं काम गाडीचं आहे, थांबू नका." आणि त्याच्याच तोंडून परत ऐकायचं, "मी काय करणार?" तिघांशी बोलायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

प्लॅनिंगवाला
दादा, तुमच्या हिशोबात एकही मिनिट शिल्लक नाही. इन्सर्ट तुटला किंवा अर्धा तास लाइट गेली की सात-आठ नग कमी. सकाळी सहाला ते कोण सांगणार? मॅनेजर "सगळं थांबवा" म्हणतो तो याच भीतीने. आणि तोंडी सांगण्यापेक्षा ग्रुपवर मेसेज टाका, लेखी राहतं. वाद मिटला.

२२ वर्षं शॉपवर
मिनिट शिल्लक नाही, हे मान्य. तरी दुसरं मशीन आत्ताच थांबवायचं नाही, बारा वाजता नग मोजून ठरवायचं. तोवर ३७-३८ नग झाले नसतील तर दुसरं लावा. मेसेजचं मात्र नाही पटत. ऑपरेटरचे हात कूलंटने भरलेले, फोन लॉकरमध्ये. तुमच्याकडे पुरावा राहील, त्याला निरोप पोचणार नाही.

क्वालिटीतली एकजण
सगळे "सोडा" आणि "चालू ठेवा" यावर बोलताय. खरी गडबड बाजूला ठेवलेल्या कामात होते. आमच्याकडे अशाच एका रात्री घाईत नवीन जॉबचा झीरो आधीच्या जॉबच्याच G54 मध्ये टाकला. आधीचं फिक्श्चर बेडवर तसंच होतं. पहाटे ते काम परत सुरू केलं आणि पहिल्याच नगाचं बोअर सरकलं. नवीन जॉबला G55 घेतला असता तर जुना झीरो जागेवर राहिला असता. मॅगझिनमधला टूल बदलला असेल तर त्याचा ऑफसेटही परत घ्यावा लागतो.

दुसरं, मशीनमध्ये बांधलेला नग पूर्ण करूनच थांबा. रफिंग झालेला नग सोडून परत बांधला तर तो पूर्वीसारखा बसत नाही. ट्रेला लाल टॅग बांधून त्यावर लिहा: कुठलं ऑपरेशन झालं, किती नग पूर्ण, किती अर्धे, आणि कोणाला विचारून परत चालू करायचं. आमच्याकडे टॅग नव्हता, म्हणून अर्धे नग पूर्ण समजून वॉशिंगला गेले होते.

अप्रेंटिस, चाकण
पण असं मध्येच काम बदललं की त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह बुडतो, त्याचं काय? मला तर वाटलं धागा त्यावरच आहे.

क्वालिटीतली एकजण
धागा त्यावर नाही रे, पण तुझं बोलणं इथे लागू आहे. सेटिंगचा तास ऑपरेटरच्या नावावर टाकला, की पुढच्या वेळी तो हातातला लॉट संपवूनच उठतो आणि "ऐकू आलं नाही" म्हणतो. तो तास बदलाच्या नावाने वेगळा लिहायला हवा.

शिफ्ट सुपरवायझर, भोसरी
गाडीचं मी विचारायला हवं होतं, ते मानलं. पण साहेबांच्या "सगळं"ला नाही म्हणून एकच मशीन थांबवलं असतं आणि सकाळी ११० नग निघाले असते, तर बोलणी कोणी खाल्ली असती? शिवाय टॅगवर "कोणाला विचारायचं" तिथे माझं नाव लिहिलं तरी बारानंतर मी घरी. थर्ड शिफ्टवाला मला झोपेतून उठवणार, की स्वतःच चालू करणार?

प्लॅनिंगवाला
थर्डच्या सुपरवायझरचं नाव लिहा आणि शिफ्ट बदलताना ट्रेपाशी उभं राहून दाखवा. एक मशीन की तीन, ते मात्र मी अजूनही साहेबांनाच विचारेन.