शब्दचर्चा: आसनांच्या तक्त्यातलं 'हिंज फ्रॉम द हिप्स' मराठीत कसं लिहावं?

अनघा
भिंतीवर लावायच्या आसनांच्या तक्त्याचं मराठी करते आहे. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी आहेत. वर संस्कृत नाव, खाली तीन-चार शब्दांची इंग्रजी सूचना. नावाला हात लावायचा नाही, हे ठरलेलं आहे. अडलंय खालच्या ओळीत.

उत्तानासनाच्या चित्राखाली 'हिंज फ्रॉम द हिप्स, लाँग स्पाइन' असं आहे. पश्चिमोत्तानासन आणि प्रसारित पादोत्तानासनाखालीही थोड्याफार फरकाने हेच. सगळ्यात सोपा पर्याय 'कंबरेतून वाका, पाठ ताठ'. बोलताना आपण असंच म्हणतो. पण चित्रातल्या बाईची कंबर वाकलेलीच नाही, ती त्याच्या खालून वाकली आहे. तक्ता समोर ठेवून एकट्याने आसन करणाऱ्याला ही ओळ चुकीची जागा दाखवेल. दुसरा शब्द सुचवाल का? जागा अगदी कमी आहे, दूरवरून वाचता आलं पाहिजे.

गिरीश
मला वाटतं नावंसुद्धा सोपी करावीत. इंग्रजीवाले वीरभद्रासनाला 'वॉरियर' म्हणतात, उत्कटासनाला 'चेअर'. आपण 'योद्धासन', 'खुर्ची आसन' लिहिलं तर लोकांना पटकन कळेल.

अनघा
गिरीश, प्रश्न खालच्या ओळीचा आहे. तरी विषय निघालाच आहे तर सांगते. 'वॉरियर' हे त्या नावाचं भाषांतर नाही, इंग्रजी वाचकासाठी केलेली सोय आहे. वीरभद्र म्हणजे दक्षाच्या यज्ञाच्या वेळी शंकराच्या जटेतून निघालेला वीर. तो मराठी वाचकाला ओळखीचा आहे, त्याला 'योद्धा' करून काय मिळवायचं? उत्कटासनात तर खुर्चीचा पत्ताच नाही. शिवाय इंग्रजीवरून उलट फिरून आलेलं नाव कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. शिकणाऱ्याने पुढे शोधायचं ठरवलं तर तो तिथेच अडकेल.

तळटीप
उत्कटासनाबद्दल एक भर. घेरण्डसंहितेतलं उत्कटासन म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर भार, टाचा वर उचललेल्या आणि त्यांच्यावर बैठक. आजच्या तक्त्यांत त्याच नावाखाली गुडघे वाकवून अर्धवट बसलेला, हात वर केलेला माणूस असतो. नाव एक, आसनं दोन. म्हणूनच खालची ओळ महत्त्वाची. नाव परंपरा सांगतं. चित्रातला माणूस नेमकं काय करतोय ते त्या ओळीनेच सांगायचं.

आता मूळ प्रश्न. 'कंबर' म्हटलं की आपला हात पट्टा बांधतो तिथे जातो, म्हणजे बरगड्या संपल्यावर आणि कमरेचं हाड लागण्याआधी. तिथे मागच्या बाजूला पाच मणके आहेत आणि प्रत्येक जण थोडा थोडा वाकतो. इंग्रजी सूचनेतला 'हिप' त्याच्या बराच खाली आहे. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो तो सांधा. त्याला मराठीत चांगला शब्द आहे: खुबा. 'खुब्याचं हाड मोडलं', 'खुबा बदलला' हे घराघरांत बोललं जातं. 'खुब्यातून वाका' लिहा.

सुमेध
'कटीतून वाका' का नको? संस्कृत नावांशी जुळेल. कटिचक्रासन आहेच की.

तळटीप
संस्कृतात 'कटि' हा शब्द खुब्यापर्यंत जातो, तेवढं तुमचं बरोबर. पण मराठी वाचक 'कटी' वाचून पुन्हा कंबरच समजतो. तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा, कटिचक्रासनात आपण धड वळवतो, म्हणजे वाचकाच्या डोक्यातली कटी पट्ट्याच्याच जागी राहते. शब्द जास्त संस्कृत झाला म्हणून जास्त नेमका होत नाही.

मोरपीस
माझ्या मनातला 'जांघेतून वाका'. वाकताना घडी पडते ती तिथेच, आणि माणसाला ती जागा दिसते, हात लावता येतो. खुबा आत असतो, तो कुणाला दिसत नाही.

सुमेध
जांघ म्हणजे मांडी ना? मांडीतून कसं वाकणार?

मोरपीस
तो हिंदीतला अर्थ. मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधली खाच. 'जांघेत गाठ आली' म्हणतो तेव्हा ती मांडीवर नसते.

अनघा
'जांघेत घडी' मला आवडतंय. पण सुमेधला झाला तो गोंधळ तक्ता वाचणाऱ्या इतरांनाही होईल, ही भीती आहे.

स्वाती के.
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. माझा कमरेतला एक मणका सरकला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी 'कंबरेतून वाकू नका, खुब्यातून वाका' असं सांगितलं. मान डोलवली, पण घरी येऊन मी दोन्ही वेळा एकसारखीच वाकत होते. तर नुसता शब्द बदलून उपयोग होतो का? आणि मी उत्तानासन करू का?

तळटीप
स्वातीताई, आसन करायचं की नाही हे त्या बाईंनाच विचारा. तुमची पाठ त्यांनी पाहिली आहे, इथल्या कुणी नाही.

पहिला प्रश्न मात्र नेमका आहे. मी वर्गात हे हाताने दाखवतो. उभं राहा. दोन्ही हातांची बोटं ओटीपोटाच्या दोन बाजूंना पुढे आलेल्या हाडांच्या टोकांवर ठेवा. आता हळूहळू पुढे वाका. हाडांची टोकं मांड्यांकडे खाली गेली आणि बैठकीची हाडं मागे-वर गेली, तर वाकणं खुब्यातून झालं. टोकं जागच्या जागी राहिली आणि पोट आत जाऊन पाठीला पोक आलं, तर ते कमरेतून झालं. आरशात कडेने पाहिलं तरी फरक कळतो.

बहुतेकांची टोकं थोडी खाली जातात आणि मग थांबतात. मांडीच्या मागचे स्नायू वर बैठकीच्या हाडांना चिकटलेले असतात. ते आखडलेले असले की ओटीपोटाचा भाग पुढे झुकूच देत नाहीत. हात मात्र जमिनीला लावायचेच असतात, म्हणून उरलेलं सगळं वाकणं कमरेवर येतं. हेच स्नायू गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. त्यामुळे गुडघे थोडे वाकवले की ते सैल पडतात आणि टोकं पुन्हा खाली जाऊ लागतात. गुडघे ताठ ठेवून एकदा आणि किंचित वाकवून एकदा करून बघा, बोटांखाली कळेल.

अनघा
म्हणजे सूचनेत गुडघेही यायला हवेत? मूळ तक्त्यात नाहीत.

तळटीप
उत्तानासनाखाली यावेत असं माझं मत. भाषांतरात भर घालणं बरोबर की नाही, हे तुम्ही ठरवा.

गिरीश
'हिंज'साठी 'बिजागरी' वापरता येईल. 'खुब्यातून बिजागरीसारखे वाका.' दार फिरतं तसं धड फिरतं, चित्र डोळ्यांपुढे येतं.

तळटीप
चित्र चांगलं आहे, पण एक अडचण आहे. शाळेच्या पुस्तकात बिजागरीचा सांधा म्हणजे गुडघा आणि कोपर. खुबा तिथे उखळीच्या सांध्यात येतो, कारण तो सगळीकडे फिरतो. ज्याला ते आठवतं तो 'बिजागरी' वाचून गुडघ्याकडे बघेल. इंग्रजी सूचनेत 'हिंज' हे क्रियापद हालचाल सांगतं, सांध्याचा प्रकार नाही. 'वाका'मध्ये ती हालचाल येते. जागा कमी असताना शब्द 'कुठून' यावर खर्च करावा.

मोरपीस
दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय? 'लाँग स्पाइन'ला 'पाठ ताठ' लिहिलं की लोक श्वास कोंडून लाकूड होतात. मी 'कणा लांब' सुचवते. नाहीतर सरळ 'पोक नको'. बोलीतलं आहे आणि लगेच कळतं.

अनघा
'पोक नको' पटकन कळतं खरं. पण तक्त्यातल्या बाकी सगळ्या सूचना 'हे करा' अशा आहेत, 'हे नको' अशी एकही नाही.

विनायकराव
मला 'पोक नको' हे मूळ आसनाशीच विसंगत वाटतं. हठप्रदीपिकेत पश्चिमतान सांगितलं आहे त्यात पाय दंडासारखे पसरायचे, हातांनी पायाची टोकं धरायची आणि कपाळ गुडघ्यांवर ठेवायचं. कपाळ गुडघ्याला लावताना पाठीला थोडा बाक येणारच. मग सूचना शास्त्राविरुद्ध होते.

तळटीप
विनायकराव, श्लोक शेवटची स्थिती सांगतो, तक्त्यातली ओळ सुरुवात सांगते. खुब्यातून जितकं जाता येईल तितकं आधी जायचं. नंतर पाठीला सौम्य बाक आला तर निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही. घात होतो तो पहिल्याच क्षणी डोकं गुडघ्याकडे ओढल्याने. पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. चित्रात कपाळ गुडघ्याला टेकलेलं असेल तर 'पोक नको' वाचून माणूस बुचकळ्यात पडेल. अनघाताई, पश्चिमोत्तानासनाच्या चित्रात डोकं कुठे आहे?

अनघा
टेकलेलं आहे. उत्तानासनात मात्र पाठ सरळ आहे, हात जमिनीपासून वर आहेत.

तळटीप
मग दोन ठिकाणी एकच ओळ चालणार नाही. आणि तुमचं उत्तानासनाचं चित्र खरं तर अर्ध उत्तानासनाचं दिसतंय. नाव एकदा तपासून घ्या.

विनायकराव
नावाबद्दल आणखी एक. मराठी माणूस 'उत्तान' वाचून उताणा झोपलेला माणूस डोळ्यांपुढे आणेल. हठप्रदीपिकेतही शवासन सांगताना 'उत्तानं शववद् भूमौ शयनम्' असंच आहे, म्हणजे पाठीवर. इथे मात्र अर्थ ताणाचा. सूर्यनमस्काराच्या तक्त्यांत याच स्थितीला हस्तपादासन किंवा पादहस्तासन म्हणतात. ते घ्यावं.

अनघा
तसं केलं तर मूळ तक्त्याशी नाव जुळणार नाही. 'उत्तानासन'च ठेवते. चित्र आणि खालची ओळ असताना कुणी पाठीवर झोपेल असं वाटत नाही. 'पश्चिम'लाही तोच न्याय. ती दिशा नाही, शरीराची मागची बाजू आहे, पण ते समजावायला तक्त्यावर जागा नाही.

आत्तापर्यंतचा खर्डा असा:

उत्तानासन (चित्र अर्धंच निघालं तर अर्ध उत्तानासन): खुब्यातून वाका, कणा लांब, गुडघे सैल
पश्चिमोत्तानासन: खुब्यातून पुढे झुका, डोकं शेवटी
प्रसारित पादोत्तानासन: पाय फाकवून खुब्यातून वाका, कणा लांब

'गुडघे सैल' माझी भर आहे, ती छापणाऱ्यांना आधी विचारून घेईन.

मोरपीस
'डोकं शेवटी' छान जमलंय. पण 'खुबा' शब्द तरुण मुलांना माहीत असतो का? माझ्या भाचीला विचारलं, तिने दंड दाखवला. मी अजूनही 'जांघेत घडी'च्या बाजूने आहे.

स्वाती के.
मी बोटं ठेवून करून पाहिलं. हाडाची टोकं फारच थोडी खाली जातात. गुडघे वाकवल्यावर जास्त. उद्या बाईंना हेच दाखवते. मला 'खुबा' वाचून नव्हतं कळलं, बोटं ठेवल्यावर कळलं. तक्त्यावर हाडाच्या टोकाशी एक छोटा ठिपका काढता येईल का?

अनघा
चित्रकाराला विचारते. ठिपका जमला तर मोरपीसचं म्हणणं पुन्हा उघडावं लागेल, कारण मग शब्द ठिपक्याला जुळणारा हवा, आणि ठिपका खुब्यावर असेल की जांघेत, हे आधी ठरवावं लागेल.