मदत हवी आहे: उधारीच्या विक्रीची जमा बाजू कुठे जाते?

कोरी_वही: 12 तारखेला 20 खुर्च्या उधारीवर विकल्या. दर 500, बीजकावर 10 टक्के व्यापारी सूट. विक्री पुस्तकात 9,000 लिहिले आणि ग्राहकाच्या खात्यात नावे टाकले. मग विक्री खात्यात जमा कधी करायची? तोवर नोंद एकतर्फीच राहते ना? उद्या तेरीज काढायची आहे.

हिशेबनीस: किर्दीत ग्राहक नावे, विक्री खाते जमा अशी नोंद करून टाका, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात.

खतावणी: हिशेबनीस, नियम बरोबर आहे, पण जागा चुकली. विक्री पुस्तकात आलेला व्यवहार किर्दीतही लिहिला तर त्याची खतावणी दोनदा होईल. कोरी_वही, ग्राहकाच्या खात्यात रोजच्या रोज नावे टाकायचे, कारण कोणाकडून किती येणे आहे हे कधीही सांगता आले पाहिजे. विक्री खात्याला तेवढी घाई नसते. महिनाअखेर पुस्तकाची बेरीज मारून ती एका ओळीत जमा करायची. समजा 9,000, 4,500 आणि 6,200 अशा तीन विक्र्या झाल्या, तर ग्राहकांच्या खात्यांत तीन नावे आणि विक्री खात्यात 19,700 ची एकच जमा. सुटीचे 1,000 कोणत्याच खात्यात येत नाहीत. आणि महिन्याच्या मध्ये तेरीज काढणार असाल, तर आधी त्या दिवसापर्यंतची बेरीज जमा करा, नाहीतर ती जुळणारच नाही.

गोदाम: आम्ही ऑफिसातलं जुनं कपाट उधारीवर विकलं. तेही विक्री पुस्तकातच लिहिलंय.

खतावणी: ते तिथून काढा. विक्री पुस्तकात फक्त व्यापाराचा माल येतो. कपाट ही मालमत्ता, तिची नोंद किर्दीत. नाहीतर विक्री फुगेल आणि कपाट फर्निचर खात्यात तसंच उभं राहील.

कोरी_वही: आता कळलं. पण बेरीजच चुकली तर? 19,700 ऐवजी 17,900 लिहिलं गेलं, तर?

खतावणी: तेरीज 1,800 ने चुकेल. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला की शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का, हे मी सर्वांत आधी बघतो.

हिशेबनीस: आमच्याकडे मुख्य खातेवहीत सगळ्या ऋणकोंचं एकच एकूण खाते असतं. त्यात नावे आणि विक्रीत जमा, दोन्हीकडे तीच बेरीज जाते. मग तेरीज तर जुळेल की!

खतावणी: जुळेल, आणि चूक आत दडून राहील. म्हणून एकेका ग्राहकाच्या बाक्यांची यादी करून तिची बेरीज एकूण खात्याच्या बाकीशी ताडायची. यादीत 1,800 जास्त दिसतील.

कोरी_वही: आणि ग्राहकाच्या खात्यातच 9,000 चे 900 पडले, पण विक्री पुस्तकाची बेरीज बरोबर असेल, तर तेव्हा दोष यादीत आहे की एकूण खात्यात, हे कसं ओळखायचं?