मदत हवी आहे : 168 उत्तरपत्रिका आणि 11 दिवस

नमस्कार. माझ्याकडे नववीच्या तीन तुकड्यांच्या मराठीच्या, 80 गुणांच्या 168 उत्तरपत्रिका असून गुणतक्ते 11 दिवसांत द्यायचे आहेत. घड्याळ लावून पहिल्या दहा तपासल्या तेव्हा प्रत्येकीला सरासरी 14 मिनिटे लागली. नमुना उत्तरे अंगवळणी पडल्यावर पुढच्या दहांना 11 लागली. म्हणून उरलेल्या 148 उत्तरपत्रिकांसाठी मी 12 मिनिटे धरली, म्हणजे सुमारे 30 तास. मात्र गुणांची बेरीज, फेरपडताळणी आणि तक्त्यातील नोंद यांना सर्व 168 मिळून प्रत्येकी 2 मिनिटे, म्हणजे आणखी साडेपाच तास लागतील, आणि हाच भाग गेल्या वर्षी मी हिशेबात धरायला विसरले होते.

रोज चार तास बसले तर काम नऊ दिवसांत संपून दोन दिवस हाताशी राहतात. पण सलग दोन तासांनंतर 24 गुणांच्या उपयोजित लेखनाला गुण देताना माझा हात सैल किंवा उगाच कडक होतो.

सर्वांचे उपयोजित लेखन सकाळी वेगळे तपासावे, की एकेक उत्तरपत्रिका पूर्ण करावी? पाने पुन्हा उलटण्यात प्रत्यक्ष किती वेळ जातो, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.