विषय: शनिवारचं मटण फ्रीजरमधून खाली कधी काढायचं?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,
गेल्या वेळचा गोंधळ पुन्हा नको म्हणून आजच विचारते. तीन-तीन किलोचे चार चपटे पुडे आहेत. शिवाय सुहासदादांनी एकाच पिशवीत कोंबलेला सहा किलोचा गोळा. सगळं चिरलेलं, पण दगडासारखं. शनिवारी सकाळी 7 ला पातेली चढणार. खालच्या फ्रीजमध्ये कधी ठेवू?

---

प्रेषक: दिलीप

दोन-सव्वादोन किलोला एक दिवस, हा हिशोब सगळीकडे छापलेला असतो. एकूण माल 18 किलो, म्हणजे आठ-नऊ दिवस. आज रविवार, उशीर झालेलाच आहे. आत्ताच सगळं काढा.

---

प्रेषक: सुहास

पिशव्या संपल्या होत्या, हे कुणी लिहीत नाही. असो. शुक्रवारी रात्री ओट्यावर काढून ठेवा, सकाळपर्यंत मऊ. आमच्या घरी कायम असंच.

---

प्रेषक: वैशाली

सुहास, ओट्यावर नको. आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा थर खोलीइतका गरम होतो, आणि दोन तासांपलीकडे तो तसा ठेवणं धोक्याचं. आतून थंड लागतं म्हणून आपण फसतो.

दिलीपकाका, दर तुमचा बरोबर आहे, पण तो एका पुड्याला लावायचा, एकूण वजनाला नाही. चार पुडे वेगवेगळे ठेवले तर चौघे एकदमच सुटतात. तीन किलोला दीड दिवस, म्हणून गुरुवारी संध्याकाळी 7 ला काढा. चपटे असल्यामुळे थोडे आधीच होतील.

गोळ्याला तीन दिवस आणि वर अर्धा, म्हणून मंगळवारी संध्याकाळी. पण खरी अडचण गोळ्याचीच आहे. बाहेरचे तुकडे बुधवारीच सुटतील आणि आतले शुक्रवारपर्यंत दगड राहतील. सुटलेलं चिरलेलं मटण फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावं, म्हणजे बाहेरच्यांची मुदत आधीच सुरू होते. त्यामुळे मृणाल, गोळा बुधवारी रात्रीच काढ. गुरुवारी रात्री स्वच्छ हातांनी सुटतील तेवढे तुकडे वेगळे करून ताटात एका थरात पसर. उरलेला गाभा लहान झाला की तोही लवकर सुटतो. वजनापेक्षा जाडी महत्त्वाची. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त लागतो.

ताटं सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव, पाणी सुटतं.

---

प्रेषक: दिलीप

मग वजनाचा हिशोब छापतात कशाला?

---

प्रेषक: वैशाली

कारण वजन पुड्यावर लिहिलेलं असतं, जाडी नसते. अख्ख्या कोंबडीसारख्या गोल वस्तूला तो बऱ्यापैकी लागू पडतो.

---

प्रेषक: नीलिमा

हॉलचा फ्रीज मी 2 अंशांवर ठेवते आणि मीच ठेवणार. मागे कुणीतरी बटण फिरवून गेलं होतं. त्यात आधी माझ्या दह्याच्या बरण्या आहेत, हेही लक्षात असू द्या.

---

प्रेषक: वैशाली

नीलिमावहिनी, 2 अंश सुरक्षितच आहेत, पण मग माझा हिशोब ढासळतो. मटणातला बर्फ शून्याच्या जरा खाली, साधारण उणे 1 ला वितळतो. फ्रीज 4 वर असेल तर मध्ये पाच अंशांचा फरक मिळतो, 2 वर फक्त तीन. उष्णता तितक्याच सावकाश आत जाते. दीड दिवसाचे अडीच दिवस सहज होतील. त्यात इतका गोठलेला माल एकदम आत गेला की आतली हवा आणखी थंड होते.

---

प्रेषक: नीलिमा

तरी बटण फिरवणार नाही.

---

प्रेषक: आशिष

माझ्याकडे गोठवलेली आमटी आहे, तिला किती वेळ लागेल?

---

प्रेषक: मृणाल

आशिष, तुझं वेगळं पत्र लिही ना.
वैशालीताई, 2 अंशच धरू. पुडे बुधवारी सकाळी, गोळा मंगळवारी रात्री, चालेल? आणि सुटलंय हे कळायचं कसं?

---

प्रेषक: वैशाली

चालेल. पुडे एकमेकांवर रचू नकोस, रचले की ते पुन्हा एकच जाड ठोकळा होतात. मध्ये हवा खेळू दे. गोळा मात्र गुरुवारी सकाळीच फोडायला घे.

पाहायचं असेल तर पुडा दोन्ही हातांत धरून मध्यावर वाकव. न वाकता कडक लागला तर गाभा गोठलेलाच आहे. वरून दाबून काही कळत नाही.

शनिवारी पहाटे एखादा तुकडा आतून कडक राहिलाच तर घट्ट बंद पिशवीत थंड पाण्यात बुडव. दर अर्ध्या तासाने पाणी बदल, अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास. त्यानंतर ते लगेच शिजवायचं, परत फ्रीजमध्ये नाही.

---

प्रेषक: सुहास

आणि उरलं तर? परत गोठवायचं की फेकायचं?

---

प्रेषक: वैशाली

फ्रीजमध्येच सुटलेलं असेल तर न शिजवताही परत गोठवता येतं, पाणी जरा जास्त सुटतं इतकंच. पाण्यात बुडवलेलं असेल तर आधी शिजवा. या वेळी पिशव्या मी आणते.

---

प्रेषक: नीलिमा

दह्याच्या बरण्या कुणी हलवणार आहे का, ते आधी सांगा.